तिकिटाचा फोटो वाचताना

सख्यांनो, यात्रेचे दिवस आले की आपल्या फोनवर रेल्वे तिकिटांचे फोटो यायला लागतात. तिकीट काढलेले असते कुणा भावजींनी किंवा भाच्याने, फोटो येतो घरातल्या बाईकडे, आणि गाडीत बसणार असतात घरातल्या वडीलधाऱ्या. फोटो आला की आपण तारीख बघतो, गाडीचे नाव बघतो, "आलं बाई तिकीट" म्हणतो आणि डबे भरायच्या कामाला लागतो. पण त्या छोट्या कागदावर याहून बरेच काही छापलेले असते. कुणाला जागा मिळाली आहे, कुणाला नाही, गुडघे दुखणाऱ्या बाईला वर चढावे लागणार का, आणि बेत मोडला तर किती पैसे बुडतील, हे सगळे तिथेच असते.

आमच्या घरातल्याच एका तिकिटावरून सांगते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्याकडच्या चौघीजणी सम्मेद शिखरजीला जायच्या होत्या. आत्याबाई ६८ वर्षांच्या, काकू ६४ च्या, थोरल्या जाऊबाई ५० च्या आणि धाकटी जाऊ ४२ ची. शिखरजीसाठी आपण पारसनाथ स्टेशनवर उतरतो आणि तिथून मधुबनला जातो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जातानाची तिकिटे चौघींची पक्की होती. परतीचे तिकीट पारसनाथ ते कल्याण, १५ फेब्रुवारीचे, सांगलीच्या आरक्षण खिडकीवरून काढले होते. त्याचा फोटो माझ्याकडे आला तो ६ फेब्रुवारीला.

असा फोटो हातात आला की सर्वांत आधी ओळखायचे ते हे, की तिकीट खिडकीवरचे आहे की ऑनलाइन काढलेले. ऑनलाइनच्या तिकिटावर वरती Electronic Reservation Slip असे लिहिलेले असते, व्यवहाराचा क्रमांक असतो, क्यूआर कोड असतो आणि खाली सूचनांची लांबलचक यादी असते. खिडकीवरचे तिकीट म्हणजे रेल्वेचा आधीच छापलेला रंगीत, लहान कागद. त्यावर यंत्राने आकडे उमटवलेले असतात. हा फरक नुसता दिसण्याचा नाही. ऑनलाइन तिकीट फोनमध्ये दाखवले आणि सोबत मूळ ओळखपत्र असले की पुरे. खिडकीच्या तिकिटाचा फोटो मात्र नुसता माहितीपुरता. प्रवासात मूळ कागदच दाखवावा लागतो आणि रद्द करून पैसे घ्यायचे तरी मूळ कागदच खिडकीवर द्यावा लागतो. आमचा फोटो खिडकीच्या तिकिटाचा होता आणि कागद ज्यांनी काढला त्यांच्या कपाटात होता. म्हणून मी पहिला फोन केला तो कागद आत्याबाईंच्या पर्समध्ये पोचवा म्हणून सांगायला.

आता वर्ग आणि डबा. इथे आपल्या बायकांचा हमखास घोटाळा होतो, कारण वर्गाची अक्षरे आणि डब्याची अक्षरे वेगळी असतात. आमच्या तिकिटावर वर्ग होता 3A, म्हणजे तीन मजल्यांच्या बर्थचा एसी डबा. पण अशा डब्यावर बाहेरून B लिहिलेले असते, B1, B2, B3 असे. फलाटावर A1 दिसला की "एसी तो हाच" म्हणून त्यात शिरू नका. A म्हणजे दोन मजल्यांचा 2A, आणि H म्हणजे पहिला वर्ग 1A. थोडा स्वस्त तीन मजल्यांचा 3E वर्ग आहे, त्याच्या डब्यांना M लिहितात. साध्या स्लीपरचा वर्ग SL आणि त्याचे डबे S1, S2 असे. ज्या स्टेशनवर गाडी दोन-चार मिनिटेच थांबते, तिथे हे आधी कळलेले बरे, नाहीतर सामान घेऊन अर्धा फलाट पळावे लागते.

त्या SL बद्दल आणखी एक. हीच दोन अक्षरे तिकिटावर दोन ठिकाणी दोन वेगळ्या अर्थांनी येतात. वर्गाच्या जागी SL असेल तर स्लीपरचा डबा. बर्थच्या आकड्यासमोर SL असेल तर साइड लोअर, म्हणजे वाटेच्या कडेचा खालचा बर्थ. काकूंच्या नावासमोर 23 SL होते. ते वाचून त्या म्हणाल्या, "अगं, एसीचे पैसे दिले आणि स्लीपर कसं मिळालं?" मी म्हटलं, "काकू, डबा B3 च आहे, एसीचाच. तुमचा बर्थ तेवढा कडेचा आहे."

बर्थची बाकीची अक्षरे सोपी आहेत. LB खालचा, MB मधला, UB वरचा, SL कडेचा खालचा, SU कडेचा वरचा. कधी फोटो अस्पष्ट येतो, अक्षरे पुसट होतात आणि नुसता आकडाच वाचता येतो. तेव्हा एक छोटा हिशेब करायचा. स्लीपरमध्ये आणि तीन मजल्यांच्या नेहमीच्या एसी डब्यात आठ-आठ बर्थचा एक कप्पा असतो. आकड्याला आठने भागायचे आणि बाकी बघायची. बाकी एक किंवा चार असेल तर खालचा, दोन किंवा पाच असेल तर मधला, तीन किंवा सहा असेल तर वरचा. सात उरले तर कडेचा खालचा, आणि काहीच उरले नाही तर कडेचा वरचा. आत्याबाईंचा बर्थ होता 20. आठ दुणे सोळा, उरले चार, म्हणजे खालचा. काकूंचा 23, सोळा वजा केले की सात उरतात, म्हणजे कडेचा खालचा. दोन मजल्यांच्या 2A डब्यात मधला बर्थ नसतो, म्हणून तिथे सहाने भागायचे. एक-तीन खालचे, दोन-चार वरचे, पाच कडेचा खालचा आणि शून्य उरले तर कडेचा वरचा.

कडेच्या खालच्या बर्थवर चढावे लागत नाही, पण दिवसभर वरच्या SU वाल्या प्रवाशालाही तिथेच बसू द्यावे लागते, हे काकूंना आधीच सांगून ठेवले. ज्या चौविहार पाळतात, त्यांना संध्याकाळी डबा उघडताना शेजारी अनोळखी माणूस बसलेला असणार, याची मनाची तयारी असलेली बरी.

इथवर दोघींचे झाले. थोरल्या जाऊबाई आणि धाकटी यांच्या नावासमोर बर्थच नव्हता. तिथे होते PQWL 1 आणि PQWL 2. शेवटची WL ही दोन अक्षरे म्हणजे वेटिंग लिस्ट, ती सगळ्यांना कळतात. पण त्याआधीची दोन अक्षरे कुणी बघत नाही, आणि खरी गोष्ट तिथेच असते. गाडीतल्या सगळ्या जागा एकाच ढिगात नसतात. गाडी जिथून सुटते तिथपासून लांब जाणाऱ्यांसाठी मोठा वाटा असतो, त्याच्या वेटिंगला GNWL म्हणतात. वाटेतल्या काही मोठ्या स्टेशनांना स्वतःचा वेगळा वाटा असतो, त्याचे वेटिंग RLWL. आणि मधल्या पुष्कळ स्टेशनांना मिळून एक सामायिक छोटा वाटा असतो, त्याचे वेटिंग PQWL. आमची गाडी हावड्याहून सुटून मुंबईला जाणारी, आपण चढणार मधे पारसनाथला आणि उतरणार मुंबईच्या आधी कल्याणला. म्हणून आमच्या वाट्याला सामायिक वाटा आला.

याचा परिणाम असा की GNWL चा मोठा आकडासुद्धा कधी कधी पुढे सरकतो, कारण त्या मोठ्या वाट्यातले रद्द करणारेही पुष्कळ असतात. PQWL मध्ये त्या छोट्या वाट्यातलेच कुणी रद्द केले तर आपली पाळी. म्हणून PQWL 20 बघून "वीसच तर आहे" असे म्हणू नये. आमचे एक आणि दोन होते, म्हणून आशा होती. तत्काळचे वेटिंग TQWL, आणि तत्काळचे पक्के झालेले तिकीट प्रवाशाने रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत. RAC लिहिलेले असेल तर बसायला जागा नक्की असते, फक्त कडेचा एक बर्थ दोघांत असतो.

कोट्याची अक्षरे वाचताना SS सुद्धा लक्षात ठेवा. हा खालच्या बर्थचा कोटा. ४५ वर्षे किंवा त्याहून मोठ्या बायकांना आणि ६० च्या पुढच्या पुरुषांना तो मिळतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. आपण मात्र "सगळ्या एकत्र बसू" म्हणून चौघींचे एकच तिकीट काढतो आणि तिथे हा कोटा हातचा जातो. आमच्या तिकिटावर GN, म्हणजे सर्वसाधारण कोटा होता. आत्याबाईंना खालचा बर्थ मिळाला तो शिल्लक होता म्हणून. पुढच्या वेळी आत्याबाई आणि काकू यांचे वेगळे तिकीट SS मधून काढायचे आणि बाकीच्यांचे वेगळे, असे आम्ही ठरवून टाकले. डबा कदाचित वेगळा येईल, पण ६८ व्या वर्षी वर चढणे टळेल.

आता फोटोची सर्वांत मोठी मर्यादा. फोटोत दिसते ती तिकीट छापले त्या दिवशीची स्थिती. आमचे तिकीट जानेवारीत छापलेले आणि मी ते वाचत होते ६ फेब्रुवारीला. कागदावर PQWL 1 आहे म्हणजे आजही तसेच असेल असे नाही. आजची स्थिती कळते ती तिकिटाच्या वरच्या कोपऱ्यातल्या दहा आकडी पीएनआर क्रमांकावरून, रेल्वेच्या संकेतस्थळावर किंवा १३९ वर. तो दहा आकडी क्रमांक फोटोतून उतरवताना तीन आणि आठ नीट बघून घ्या. मी तो घातला तेव्हा दोन रकाने दिसले. पहिल्यात काढतानाची स्थिती, दुसऱ्यात आत्ताची. थोरल्या जाऊबाईंचे पहिल्यात PQWL 1 आणि दुसऱ्यात CNF, म्हणजे पक्के. धाकटीचे पहिल्यात PQWL 2 आणि दुसऱ्यात WL 1. जाऊबाई म्हणाल्या, "पक्कं झालं तर बर्थचा आकडा कुठाय?" वेटिंगवरून पक्क्या झालेल्यांना आकडा लगेच मिळत नाही, तो चार्ट बनताना मिळतो. तोवर नुसते CNF दिसते आणि ते पुरेसे असते.

धाकटीचा बेत मात्र त्याच आठवड्यात मोडला. मुलीची बारावीची परीक्षा जवळ आलेली आणि तिला एकटीला घरी ठेवून जायचे धाकटीच्या मनाला पटेना. सासूबाई म्हणाल्या, "तिकीट वाया जाईल, पैसे जातील, त्यापेक्षा जाऊन ये." मग मी आकडे मांडून दाखवले. त्या वेळचे नियम नोव्हेंबर २०१५ पासून लागू झालेले होते. भाडे सोयीसाठी माणशी १८०० रुपये धरू.

वेटिंगवर असलेले नाव रद्द केले तर माणशी ६० रुपये कापतात आणि गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत ते करता येते. पक्क्या तिकिटाचे गणित वेगळे. तेव्हा गाडीच्या ४८ तासांहून आधी रद्द केले तर 3A साठी माणशी १८० रुपये आणि त्यावर जीएसटी कापत. स्लीपरला १२०, दोन मजल्यांच्या एसीला २००. ४८ ते १२ तासांच्या आत आलो तर भाड्याचा पाव भाग, म्हणजे आपल्या हिशेबात ४५० रुपये जात. १२ ते ४ तासांत अर्धे भाडे, ९०० रुपये. आणि चार तासांच्या आत पक्क्या तिकिटाचे काहीच मिळत नसे. धाकटी त्या दिवशी वेटिंगवरच होती, म्हणून तिचे साठाच्या आसपासच जाणार होते. तिने आठवडाभर "बघू, बघू" केले असते आणि मधे तिचे नाव पक्के झाले असते, तर तेच १८० झाले असते, आणि आणखी उशीर केला असता तर ४५०. सासूबाईंनी आकडे ऐकले आणि म्हणाल्या, "मग राहू दे तिला लेकीजवळ."

या तासांच्या हिशेबात तारखेची एक गंमत आहे, ती नीट समजून घ्या. आमची गाडी पारसनाथला मध्यरात्रीनंतर यायची, हिशेबाला पहाटेचे ३ धरू. तिकिटावर तारीख १५, म्हणजे स्टेशनवर जायचे १४ च्या रात्री. १५ च्या रात्री गेल्या असत्या तर गाडी आदल्या पहाटेच निघून गेलेली असती. मधुबनहून निघायची गाडी ठरवतानाही हीच तारीख सांगायची. आता पहाटे ३ पासून ४८ तास मागे गेलो की येते १३ तारखेची पहाट. पण पहाटे आरक्षण खिडकी उघडी नसते, म्हणून खरी शेवटची संधी १२ तारखेला. आणि १२ फेब्रुवारी २०२३ हा होता रविवार. रविवारी खिडकी बहुतेक ठिकाणी दुपारी २ लाच बंद होते. म्हणजे त्या वेळचे कागदावरचे ४८ तास आपल्यासाठी प्रत्यक्षात चांगले साठ तासांच्या वर गेले. खिडकीचे तिकीट ऑनलाइन किंवा १३९ वरूनही रद्द करता येते, पण त्यासाठी तिकीट काढताना फॉर्मवर दिलेला मोबाइल जवळ लागतो, कारण ओटीपी त्यावरच येतो, आणि पैसे शेवटी मूळ कागद खिडकीवर देऊनच मिळतात. म्हणून फॉर्मवर नंबर लिहिताना जी यात्रेला जाणार आहे तिचा किंवा घरातल्या जबाबदार माणसाचा लिहावा, एजंटाचा नको.

मंगळवारी, ७ तारखेला, धाकटी आणि तिचे यजमान मूळ कागद घेऊन सांगलीच्या खिडकीवर गेले. चार नावांपैकी एकच नाव कमी करायचे होते, तेव्हा फॉर्मवर फक्त तिचे नाव लिहिले. जुना कागद तिथे जमा झाला आणि उरलेल्या तिघींच्या नावांचे तिकीट मिळाले. मी लगेच सगळ्यांना सांगितले, की आधीचा फोटो फोनमधून पुसून टाका. नाहीतर जुना फोटो दाखवत "आम्ही चौघी आहोत" म्हणून कुणी तरी डब्यात वाद घालत बसले असते. आता नव्या कागदाचा फोटो घ्या आणि कागद आत्याबाईंच्या पर्समध्ये ठेवा.

आणखी एक नियम त्या फोटोमुळे मला सांगता आला. एकाच तिकिटावर काहींची नावे पक्की आणि काहींची वेटिंगवर असतील आणि सगळ्यांनीच बेत रद्द केला, तर पक्क्या नावांचेही मोठे पैसे कापत नाहीत. त्यांचेही वेटिंगसारखेच माणशी ६० रुपये जातात, गाडीच्या अर्धा तास आधीपर्यंत तिकीट परत केले तर. कारण सोबतची माणसे राहिली म्हणून पुढच्यांनी बेत सोडला, असे त्यात धरलेले आहे. खिडकीवर गर्दीत कुणी हे आपणहून सांगेलच असे नाही, म्हणून आपल्याला माहीत असावे.

चार्ट बनल्यावर मी पुन्हा पीएनआर घातला. गाडी हावड्याहून सुटते म्हणून चार्ट तिथल्या वेळेप्रमाणे बनतो, पारसनाथला गाडी येण्याच्या पुष्कळ आधी. थोरल्या जाऊबाईंना मिळाले B5 46. आठ पंचे चाळीस, उरले सहा, म्हणजे वरचा बर्थ, आणि तोही दोघींपासून दोन डबे लांब. मी मधुबनला फोन करून तिघींना सांगितले, की फलाटावर B3 आणि B5 दोन्ही कुठे येतात ते विचारून ठेवा, आत्याबाईंच्या औषधांची पिशवी जाऊबाईंकडे राहू देऊ नका आणि मूळ तिकीट आत्याबाईंकडे असेल, तर जाऊबाईंनी तपासनिसाला तसे सांगावे. सकाळी B3 मधल्या एका तरुण मुलाने आपला बर्थ जाऊबाईंना दिला आणि तो त्यांच्या जागी B5 ला गेला. तिघी एकत्र बसून कल्याणपर्यंत आल्या.

हे नियम आणि आकडे रेल्वे अधूनमधून बदलते आणि काही नव्या गाड्यांना वेगळेच नियम लावते, तेव्हा रद्द करायची वेळ आली तर त्या दिवशीचा दर १३९ वर विचारूनच निघा. आणि तिकिटाचा फोटो मंडळाच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका. पीएनआर, नावे, वये सगळे त्यात असते. ज्या जाणार आहेत त्यांना आणि घरी वाट बघणाऱ्या एकीला पाठवला की पुरे.